डब्याचे दर वाढवायचे आहेत, जुन्या मेंबरांना कसे कळवू?

प्रश्न: कोथरूडला माझा घरगुती डबा आहे. चाळीस महिनेवारी मेंबर, एका वेळचा डबा, महिना २,८०० रुपये, रविवारी सुट्टी. दोन वर्षं दर तोच आहे, आता परवडत नाही. पण जवळजवळ निम्मे लोक वर्षाहून जुने आहेत, मला काकू म्हणतात. दर वाढवल्याचा मेसेज कसा लिहू, म्हणजे कोणी दुखावणार नाही आणि सोडूनही जाणार नाही?

उत्तर:

मेसेज लिहायला घेण्याआधी वही घ्या. असे मेसेज भाषेमुळे क्वचितच बिघडतात. लिहिणाऱ्याने आकडा मनाशी पक्का केलेला नसतो, आणि ते वाक्यावाक्यातून कळतं. मग "थोडीशी वाढ करावी लागतेय", "नाइलाज आहे", "समजून घ्याल ना" अशी वाक्यं येतात. वाचणाऱ्याला त्यात घासाघीस करायला जागा दिसते. तो विचारतो, तुम्ही एकाला शंभर कमी करता, दुसऱ्याला पन्नास, आणि महिनाभरात एकाच सोसायटीत तीन दर चालू होतात. लोक दुखावतात ते तेव्हा.

तर आधी हिशेब. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमच्या वहीतले घाला. २,८०० भागिले २६ डबे म्हणजे डब्याला साधारण १०८ रुपये मिळतात. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर यांचा कच्चा माल ४३ रुपये धरू. गॅस ६, डबे घासणे, पिशव्या, फोन मिळून ५, पोचवणाऱ्या मुलाचे डब्यामागे १५. पोळ्यांच्या मावशी आणि वरकामाच्या बाई यांचे पगार चाळीस डब्यांवर वाटले तर डब्यामागे १८. एकूण ८७ रुपये. उरतात २१, म्हणजे महिन्याला सुमारे २१,५०० रुपये, आणि तुमची पहाटे पाचपासूनची मेहनत त्यातच आली. दोन वर्षांपूर्वी हाच खर्च ७३ रुपये होता असं धरलं, तर तेव्हा हातात ३६,००० च्या आसपास राहत होते. पुन्हा तिथे पोचायला डब्यामागे साडेतेरा-चौदा रुपये हवेत. महिन्याचे होतात ३५०, आणि नवा दर ३,१५०.

गॅसचा हिशेब मांडताना १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा भाव धरा. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही, आणि त्याच्या भावावर बसवलेला दर पुढे कधीतरी अंगाशी येतो.

आता भीतीचा हिशेब. "लोक सोडून जातील" हे नुसतं वाटत राहण्यापेक्षा किती गेले तर चालेल हे काढा. एक मेंबर गेला की त्याचा कच्चा माल, गॅस, धुणं-पिशव्या आणि पोचवणं वाचतं, म्हणजे डब्याला ६९, महिन्याला १,७९४ रुपये. मावशींचा पगार मात्र लगेच कमी होत नाही. म्हणून पगार वजा करण्याआधी जुन्या दराने प्रत्येक मेंबर तुम्हाला १,००६ रुपये देत होता आणि नव्या दराने १,३५६ देईल. जुन्या दराने चाळीस जणांचे ४०,२४० होत होते. नव्या दराने तीस जणांचेच ४०,६८० होतात. चाळीसपैकी दहा जण गेले तरी तुमच्या हातात आजच्याइतकेच पैसे राहतील, आणि रोज दहा डबे कमी करावे लागतील. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पहिल्या दिवशी दोघांनी "मग आम्ही बघतो" म्हटलं की पोटात गोळा येतो आणि हात आपोआप "बरं, तुमच्यासाठी जुनाच" असं टाइप करायला लागतात. त्या वेळी हा आकडा उपयोगी पडतो.

३५० म्हणजे साडेबारा टक्के. आता २०० आणि सहा महिन्यांनी १५० असे तुकडे करावेत का? माझं मत नाही. लोकांच्या लक्षात रक्कम कमी राहते, "परत वाढवलं" हे जास्त राहतं. एकदाच वाढवा, पूर्ण वाढवा आणि किमान वर्षभर हात लावणार नाही असं मेसेजमध्ये लिहून द्या. ते एक वाक्य शंभर रुपयांच्या सवलतीपेक्षा जास्त काम करतं, कारण नोकरदार माणसाला महिन्याचं बजेट ठरवायचं असतं.

दर न वाढवता गुपचूप पोळी लहान करणं, आमटी पातळ करणं, पनीरचा वार काढून टाकणं हे मार्ग सोडा. रोज जेवणारा माणूस दर वाढलेला तीन आठवड्यांत विसरतो. पोळी लहान झालेली तो पहिल्या दिवशी ओळखतो आणि तुम्हाला सांगत नाही, शेजारच्याला सांगतो.

त्याऐवजी छोटा डबा उघडपणे द्या. दोन पोळ्या, भाजी एक तृतीयांश कमी, भात निम्मा. पोळ्यांचे ३, भाजीचे ६, भाताचे २ असे अकराएक रुपये वाचतात, महिन्याचे २८६. तेव्हा हा डबा २,८७५ ला देता येतो आणि तुमच्या उरणाऱ्या पैशात फरक पडत नाही. एकटं राहणाऱ्या आजी-आजोबांना चार पोळ्या बहुतेक वेळा जातच नाहीत, त्यांना हा पर्याय खरोखर हवा असतो. मेसेजमध्ये मात्र "परवडत नसेल तर" हे शब्द चुकूनही नकोत. "कमी जेवण लागणाऱ्यांसाठी" असं लिहा. पैशाचा विचार करून छोटा डबा घेणाऱ्यालाही मग मान खाली घालावी लागत नाही.

कधी कळवायचं? दर बदलायचा तो महिन्याच्या १ तारखेला, आणि कळवायचं आधीच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेच्या दरम्यान. तोवर त्या महिन्याचे पैसे सगळ्यांचे आलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला चालू महिन्याची धास्ती राहत नाही आणि पुढच्यासाठी तीन आठवडे मिळतात. २८-२९ तारखेला कळवलं तर तीच रक्कम, तेच शब्द असूनही लोक चिडतात, कारण दुसरी सोय बघायलाही वेळ दिला नाही असं वाटतं. दिवाळी आणि जूनमधले शाळा-कॉलेजच्या फीचे दिवस टाळा. मी इथे ८ जानेवारीला कळवून १ फेब्रुवारीपासून नवा दर असं धरून लिहितो आहे.

जानेवारीत एक अडचण आहे. या दिवसांत मटार, गाजर, फ्लॉवर, मेथी सगळं स्वस्त असतं. "भाज्या महागल्यामुळे" असं लिहिलंत तर मंडईत जाणारे काका दुसऱ्याच दिवशी मटारचा भाव ऐकवतील. कारण निवडताना हीच काळजी घ्यायची: जे कारण उद्या उलटू शकतं ते मेसेजमध्ये घालू नये. व्यावसायिक सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, कधी वर, कधी खाली. खाद्यतेलाचंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं, मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. तुम्ही दरवाढ तेलाच्या नावाने केलीत, तर तेलाच्या शुल्कात कपात झाल्याची बातमी आल्यावर "मग आता कमी करा" हा प्रश्न रास्त ठरतो.

पगार सहसा खाली येत नाहीत. मावशींचा पगार वाढला, पोचवणाऱ्या मुलाचा पगार वाढला, ही कारणं टिकतात. शिवाय मेंबर त्या माणसांना ओळखतो, रोज दारात डबा घेऊन येणारा मुलगा त्याला माहीत असतो. पण हे कारण खरं असेल तरच लिहा. मावशींचा पगार वाढवल्याचं चाळीस लोकांना सांगून तो वाढवलाच नाही, तर मावशींना ते त्याच आठवड्यात कुठल्यातरी दारात कळणार.

कारणाला दोन ओळी पुरतात. सगळा हिशेब मेसेजमध्ये मांडू नका. ४३ रुपये कच्चा माल असं लिहिलंत की वाचणाऱ्याचं मन उरलेल्या रुपयांवर जातं आणि "म्हणजे आमच्याकडून एवढे सुटतात" यावर चर्चा सुरू होते. हिशेब तुमच्या खात्रीसाठी आहे.

कोणाला, कशाने, कोणत्या क्रमाने

सगळ्यात जुने आठ-दहा मेंबर आणि ज्यांनी आजवर तुम्हाला नवे मेंबर मिळवून दिले ते, यांना आधी फोन करा. एका फोनला दोन मिनिटं लागतात. "काका, फेब्रुवारीपासून डब्याचा दर ३,१५० करतेय. बाकीच्यांना उद्या मेसेज जाईल, तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं." एवढंच. परवानगी मागू नका, "चालेल ना?" असं विचारू नका. विचारलंत तर "नाही" म्हणायचा हक्क त्यांना दिलात, आणि मग तो नाकारणं अवघड होतं. या फोनचा आणखी एक फायदा म्हणजे लोक काय विचारतात ते आधी कळतं. पहिल्या चार जणांपैकी तिघांनी "जानेवारीचे खाडे पुढे धरणार का?" असं विचारलं, तर ते उत्तर मेसेजमध्ये घालता येतं.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज, प्रत्येकाला वेगळा. मेंबरांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे पहिली प्रतिक्रिया कोणाची येईल ते आपल्या हातात नसतं. एकाने "एकदम साडेतीनशे?" असं लिहिलं की ज्यांना काहीच वाटलं नव्हतं त्यांनाही वाटायला लागतं. ब्रॉडकास्ट लिस्टवरून गेलेला मेसेज प्रत्येकाला खासगी म्हणूनच पोचतो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो जातच नाही. कोणाला पोचला नाही हे तुम्हाला १ तारखेला कळतं, त्याने २,८०० पाठवल्यावर. चाळीस जणांना नाव घालून एकेकाला पाठवायला तासभर लागेल, तो द्या. दुपारी डबे गेल्यावर तीन ते पाच ही वेळ बरी. जेवायच्या वेळी नको, आणि रात्री दहानंतर तर नकोच.

मेसेज टाइप केलेलाच असावा. फुलांच्या चौकटीतलं रंगीत चित्र आजींना मोठं करून वाचावं लागतं, आणि महिन्याने "काकूंनी नक्की किती म्हटलं होतं?" हे शोधायला गेलं तर चित्रातला आकडा सर्चमध्ये सापडत नाही. आवाजी मेसेजचंही तेच. ज्यांना वाचणं कठीण जातं त्यांना फोन करा.

मेसेज

आधी नेहमी दिसणारा नमुना पाहू.

> नमस्कार. आपणा सर्वांच्या प्रेमामुळे व विश्वासामुळे आमचा व्यवसाय यशस्वीपणे चालू आहे. परंतु सध्याच्या वाढत्या महागाईमुळे, गॅस, तेल, भाजीपाला, किराणा या सर्वांचे दर गगनाला भिडले असल्याने नाइलाजाने आम्हाला दरात किंचित वाढ करावी लागत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपले सहकार्य असेच लाभावे ही विनंती.

हे वाचून मेंबरला तीन गोष्टी कळत नाहीत: किती, कधीपासून, आणि माझ्या डब्यात काय बदलणार. म्हणजे चाळीसपैकी पंचवीस जण विचारणार आणि तुम्ही पंचवीस वेळा आकडा लिहिणार. "किंचित" म्हणून पुढे साडेबारा टक्के सांगितले की विश्वास तिथेच कमी होतो. "क्षमस्व" म्हटलं की काहीतरी चुकीचं केलंय असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. आणि भाषा नोटिशीची आहे. रोज "काका, आज भरली वांगी आहेत" असं लिहिणारी काकू अचानक "आपणा सर्वांच्या" म्हणायला लागली की माणूस सावध होतो. रोज जसं बोलता तसंच लिहा.

> काका, एक कळवायचं होतं.
>
> १ फेब्रुवारीपासून डब्याचा महिन्याचा दर ३,१५० रुपये होईल. आत्ता २,८०० आहे. जानेवारीचे पैसे तुम्ही दिलेत, त्यात काही फरक नाही.
>
> दोन वर्षं दर तोच ठेवला होता. या काळात मावशींचा आणि डबा पोचवणाऱ्या मुलाचा पगार वाढवला, आणि बाकीचा खर्चही वाढला आहे.
>
> डबा आहे तसाच राहील: चार पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. वेळ तीच. आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलेले खाडे आत्तासारखेच पुढच्या महिन्यात धरले जातील. हा दर पुढच्या जानेवारीअखेरपर्यंत बदलणार नाही.
>
> कमी जेवण लागणाऱ्यांसाठी छोटा डबाही सुरू करतेय: दोन पोळ्या, थोडी कमी भाजी, निम्मा भात, आमटी, कोशिंबीर. त्याचे महिन्याला २,८७५ रुपये. हवा असेल तर २५ तारखेपर्यंत सांगा.
>
> तुम्ही वर्षाहून जुने मेंबर आहात, म्हणून फेब्रुवारी महिना तुम्हाला जुन्याच दराने, २,८०० ला. मार्चपासून ३,१५०.
>
> काही विचारायचं असेल तर दुपारी तीननंतर फोन करा.

आकडा दुसऱ्याच ओळीत आहे. माणूस मेसेज उघडताना शब्दांच्या नक्षीसाठी उघडत नाही, त्याला रक्कम हवी असते. ती खाली ढकलली तर मधलं सगळं तो धास्तीने वाचतो. जुना दरही लिहिला आहे, कारण लपवण्यासारखं काही नाही, आणि साडेतीनशेचा फरक त्याने स्वतः काढला तर तो त्याला फसवल्यासारखा वाटत नाही. टक्के कुठेच नाहीत. महिन्याला साडेतीनशे हे माणसाला समजतं.

खाड्यांची ओळ बिनमहत्त्वाची वाटेल, पण डब्याच्या धंद्यात भांडणं दरापेक्षा खाड्यांवरून जास्त होतात. तुमचा आत्ताचा नियम जो असेल तो तसाच्या तसा लिहा. दर वाढवताना खाड्यांचा नियमही कडक करायचा मोह होतो, तो आवरा. दोन वाईट बातम्या एकत्र दिल्या की लोक दोन्हींचा राग दरावर काढतात.

शेवटून दुसरी ओळ फक्त वर्षाहून जुन्या मेंबरांच्या मेसेजमध्ये घालायची. तुमच्याकडे असे अठरा जण असतील तर अठरा गुणिले ३५०, म्हणजे ६,३०० रुपये एकदाच जातील. जुन्या नात्याचा मान राखायला ही रक्कम मोठी नाही, आणि ती नियमाने दिलेली आहे. सोसायटीत कोणी विचारलं तर सरळ सांगता येतं: वर्ष झालेल्या सगळ्यांना दिली. तीन महिने आगाऊ भरा आणि जुना दर घ्या, ही योजना मात्र करू नका. ती ऐकायला चांगली वाटते, पण सगळ्यांनी घेतली तर ४२,००० रुपयांवर पाणी सोडावं लागतं. शिवाय आगाऊ आलेले पैसे किराण्यात खर्च होतात आणि कोणी मध्येच गावी गेलं तर परत द्यायला हातात नसतात.

ज्यांनी आधीच मार्चपर्यंतचे पैसे भरलेत, त्यांच्याकडून फरक मागायचा नाही. त्यांच्या मेसेजमध्ये "तुमचे मार्चपर्यंतचे पैसे जमा आहेत, तुम्हाला एप्रिलपासून नवा दर लागेल" एवढीच ओळ. विद्यार्थ्यांच्या बाबतीत पैसे बहुतेक घरून येतात, म्हणून "घरी सांगायला सोपं जावं म्हणून आत्ताच कळवतेय" हे एक वाक्य वाढवा, आणि मेसेज असा ठेवा की तो पोरगं जसाच्या तसा वडिलांना पुढे पाठवू शकेल.

उत्तरं येतील तेव्हा

चाळीसपैकी बरेच जण नुसता अंगठा पाठवतील किंवा "ओके काकू". त्यांना पुन्हा समजावत बसू नका.

"एकदम एवढं?" असं विचारणारा बहुतेक वेळा सोडून जाणार नसतो, त्याला फक्त ते म्हणायचं असतं. त्याला लिहा: "हो, दोन वर्षांचं एकदम आलं म्हणून जास्त वाटतंय. आता वर्षभर हाच राहील." दुसरं कारण पुरवू नका. तीन कारणं दिली की माणूस त्यातलं सगळ्यात कच्चं पकडतो.

"पलीकडे २,५०० ला मिळतो." पलीकडच्या डब्याला नावं ठेवू नका, त्यांची पोळी कशी असते ते तर मुळीच नको. "बघा काका, आवडला तर घ्या, काही हरकत नाही. फक्त २५ तारखेपर्यंत कळवा म्हणजे मला किराणा भरताना कळेल." हे वाक्य मनापासून लिहिता येतं ते दहाचा आकडा वहीत असेल तरच. असे गेलेले काही जण महिना-दोन महिन्यांत परत येतात. त्यांना परत येताना लाजल्यासारखं होऊ नये, यासाठी जाताना कडवटपणा नको.

"आम्ही इतके जुने, आमच्यासाठी तरी जुनाच ठेवा." हे सगळ्यात अवघड, कारण बोलणारा खरंच जवळचा असतो. उत्तर असं: "जुन्यांसाठी फेब्रुवारी सोडलाच आहे. त्यापुढे एकाला वेगळा आणि दुसऱ्याला वेगळा दर मला बरा वाटत नाही." कोणाची खरीच अडचण असेल, नोकरी गेलीय किंवा घरात आजारपण आहे, तर दर बदलू नका, पैसे द्यायची तारीख पुढे ढकला, किंवा महिन्याचे दोन भाग करा, १ ला आणि १६ ला. दर एकच राहतो आणि माणूसही अडत नाही.

काही जण वाचतात आणि काहीच लिहीत नाहीत. निळ्या टिका दिसतात म्हणून पिच्छा पुरवू नका. २० तारखेला त्यांना एकच ओळ: "काका, फेब्रुवारीपासून डबा चालू ठेवायचा ना? मोठा की छोटा?" यात दराचा उल्लेख नाही. प्रश्न पुढच्या सोयीचा आहे, म्हणून उत्तर येतं. २५ पर्यंतही आलं नाही तर फोन करा. न बोलता सोडून जाणारे याच गटात असतात.

१ तारखेच्या आसपास

२९ जानेवारीला आठवण पाठवा: "फेब्रुवारीचे ३,१५० रुपये ५ तारखेपर्यंत पाठवाल का?" जुन्यांना २,८००, छोट्या डब्याला २,८७५. रक्कम प्रत्येकाची त्याच्या मेसेजमध्ये लिहा. तरीही चार-पाच जण सवयीने २,८०० पाठवतील, कारण यूपीआयच्या ॲपमध्ये मागचा व्यवहार बघूनच लोक आकडा टाकतात. ती विसरभोळेपणाची गोष्ट आहे, विरोधाची नाही. त्याच दिवशी लिहा: "२,८०० मिळाले, धन्यवाद. ३५० राहिले, सवडीने पाठवा." पुढच्या महिन्यात धरू म्हणून गप्प बसलात तर पुढच्या महिन्यात ३,५०० मागावे लागतात, आणि ती रक्कम पाहून मेंबरला वाटतं दर पुन्हा वाढला. मार्चच्या सुरुवातीला जुन्या अठरा जणांच्या बाबतीत हेच होईल, तेव्हा त्यांना फेब्रुवारीअखेर वेगळी आठवण लागेल.

जुना दर जिथे जिथे लिहिलेला आहे तिथे १ तारखेच्या आत बदला: व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि तयार उत्तरं, गूगल मॅप्सवरचे तुम्ही टाकलेले मेनूचे फोटो, सोसायटीच्या फलकावरचा कागद, पोचवणाऱ्या मुलाच्या खिशातली कार्डं. नव्या चौकशीला ८ जानेवारीपासूनच ३,१५० सांगा. जानेवारीत नवा आलेला मेंबर २,८०० ला बसला आणि जुन्याला ३,१५० चा मेसेज गेला, हे एका लिफ्टमध्ये दोघं भेटले की बाहेर पडतं. त्या मुलालाही नवा दर आणि एकच वाक्य सांगून ठेवा: "काकूंशी बोला, त्यांना विचारा." दारात त्याच्याशी हुज्जत घातली जाते आणि तो बिचारा स्वतःच्या मनाने काहीतरी सांगून बसतो.

फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे जेवणाकडे लोक बारकाईने बघतात. नेमक्या याच काळात मावशींनी सुट्टी घेतली, सलग दोनदा बटाटा आला किंवा डबा वीस मिनिटं उशिरा पोचला, तर एरवी कोणी बोललं नसतं ते बोलतात: "पैसे वाढवले आणि हे." म्हणून या पंधरा दिवसांचा भाज्यांचा तक्ता आधीच लिहून ठेवा, बदली पोळीवाली बोलून ठेवा. पण उलट टोकही नको. दर वाढला म्हणून पहिल्या आठवड्यात रोज गोड आणि पनीर दिलंत, तर तिसऱ्या आठवड्यात नेहमीचा डबा कमी वाटायला लागतो.

फेब्रुवारीअखेर तीन आकडे वहीत लिहा: किती गेले, किती छोट्या डब्यावर आले आणि हातात किती राहिले. पाच-सहा जण गेले आणि जुन्यांची सवलत जाऊनही हातात एकवीस-बावीस हजार राहिले असतील, तर दर बरोबर बसला, मार्चपासून ते सत्तावीस-अठ्ठावीस हजारांवर जातील. बारा जण छोट्या डब्यावर आले तर घाबरू नका, तिथे उरणारे पैसे सारखेच आहेत. फक्त कणीक आणि तांदळाची खरेदी त्या मानाने कमी करा, नाहीतर ११ रुपयांची बचत उरलेल्या अन्नात जाईल. दहाहून जास्त गेले तर मात्र जे गेले त्यांच्यापैकी तिघा-चौघांना फोन करून कारण विचारा. बऱ्याचदा त्यात दर नसतो, पोचण्याची वेळ असते किंवा त्याच त्या भाज्या असतात, आणि दरवाढीच्या निमित्ताने ते बोलून दाखवलेलं असतं.

पुढच्या वेळी दोन वर्षं थांबू नका. दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हाच हिशेब पुन्हा मांडा आणि खर्च डब्यामागे चार-पाच रुपयांनी वाढला असेल तर महिन्याचे १०० किंवा १२५ वाढवा. तेव्हाचा मेसेज तीन ओळींचा असेल: नवा दर, कोणत्या तारखेपासून, आणि डबा आहे तसाच.